नमस्काराचे उत्तर

वडीलधाऱ्यांच्या पाया पडणे या रिवाजाविषयी बोलताना नजर बहुधा वाकणाऱ्याकडेच जाते. त्याची नम्रता, त्याचे संस्कार, त्याला वाकण्याची सवय लागली की नाही, याचीच चर्चा होते. ज्याच्या पायांना हात लागला त्याने पुढे काय करायचे असते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो हात उचलतो, दोन शब्द पुटपुटतो, आणि प्रसंग संपतो. परंतु या रिवाजाचा जुना इतिहास पाहू लागले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. प्राचीन शास्त्रकारांनी नमस्काराच्या विधीइतकीच, काही ठिकाणी त्याहून अधिक, काळजी त्याच्या उत्तराची घेतली होती. नमस्कार हे धाकट्याचे कर्तव्य, तर आशीर्वाद हे वडिलांचे देणे. आणि देणे म्हटले की ते चुकवण्याचे, टाळण्याचे आणि कोणाला नाकारण्याचेही प्रकार आलेच.

धर्मसूत्रांत आणि पुढे मनुस्मृतीत या विधीचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिला उपसंग्रहण, म्हणजे प्रत्यक्ष पाय धरणे. वेदाध्ययनाच्या आरंभी आणि शेवटी शिष्याने गुरूचे पाय धरावेत, तेही हातांची अदलाबदल करून. समोरासमोर उभे राहिले असता आपला उजवा हात गुरूच्या डाव्या पायासमोर येतो. म्हणून हात एकमेकांवरून नेऊन उजव्याने उजवा आणि डाव्याने डावा पाय धरायचा. हल्ली या ओलांडलेल्या हातांमागे शरीरातील विजेचे वर्तुळ पूर्ण होते, असे शास्त्रीय वाटणारे स्पष्टीकरण दिले जाते. जुन्या ग्रंथांना त्याची गंधवार्ता नाही. त्यांनी दिलेले कारण निराळे आहे आणि कल्पना म्हणून कितीतरी सुंदर आहे. वडील माणूस जवळ आला की तरुणाचे प्राण वर उसळून बाहेर निघू पाहतात. उठून उभे राहिल्याने आणि अभिवादन केल्याने ते पुन्हा जागेवर येतात. मोठे माणूस खोलीत आले असता होणारी किंचित धांदल ज्याने अनुभवली आहे, त्याला या कल्पनेतील निरीक्षण पटावे.

दुसरा प्रकार अभिवादनाचा. त्यात स्पर्शापेक्षा वाणीला महत्त्व असते. नमस्कार करणाऱ्याने ‘मी अमुक नावाचा, आपणांस अभिवादन करतो’ असे स्वतःचे नाव उच्चारायचे. दक्षिणेतील परंपरानिष्ठ घरांत मुंज झालेला मुलगा आजही आपले प्रवर, गोत्र, सूत्र, शाखा आणि शेवटी नाव सांगून वडिलांपुढे वाकतो. तो याच अभिवादनाचा जिवंत अवशेष होय. कोठे वाकू नये हेही सूत्रकारांनी सांगून ठेवले आहे. पायांत पादत्राणे असता, डोक्याला गुंडाळलेले असता, हातांत काही धरलेले असता अभिवादन करू नये, असे आपस्तंब म्हणतो. वयाचा हिशेबही मनुस्मृतीत आहे. एका गावात राहणाऱ्यांत दहा वर्षांपर्यंतचे अंतर बरोबरीचे मानावे, कलावंतांत पाच, वेदाभ्यासी लोकांत तीन, आणि रक्ताच्या नात्यांत मात्र अगदी थोडे अंतरही मोजावे. शेजारचा आठ वर्षांनी मोठा मुलगा मित्र ठरतो, आणि सख्खा भाऊ दीड वर्षानेच मोठा असला तरी ‘दादा’ होतो, हा आपल्याकडील व्यवहार या हिशेबाशी पुष्कळ जुळतो.

आता उत्तर. अभिवादन स्वीकारणाऱ्याने ‘आयुष्मान् भव’ अशा अर्थाचे वाक्य म्हणावे, त्याच्या शेवटी नमस्कार करणाऱ्याचे नाव घ्यावे, आणि त्या नावाचा अखेरचा स्वर लांबवावा, असा नियम होता. शाळेत ऱ्हस्व आणि दीर्घ हे दोन प्रकार सर्वांनीच शिकलेले असतात. संस्कृत व्याकरणात तिसरा एक प्रकार आहे, प्लुत. ऱ्हस्व स्वराला एक मात्रा, दीर्घाला दोन, तर प्लुताला तीन. लांबवर गेलेल्या मुलाला हाक मारताना ‘रामाऽऽ’ असे जे आपण ओढून म्हणतो तो प्लुतच. दुरून हाक मारताना तो वापरावा असे पाणिनीने सांगितले आहे, आणि त्याच्या आधीच्याच सूत्रात अभिवादनाच्या उत्तरातही तो वापरावा असे म्हटले आहे. म्हणजे देवदत्त नावाचा मुलगा नाव सांगून वाकला, तर गुरूने दीर्घायुष्य चिंतून ‘देवदत्त’ या नावाचा शेवटचा अकार तीन मात्रांचा करायचा. व्याकरणाच्या पोथ्यांत त्या अक्षरापुढे तीनचा आकडा लिहिलेला असतो.

हा स्वर लांबवण्यामागे काय असावे? हाकेत तो अंतर ओलांडण्यासाठी येतो. आशीर्वादात तो नावाला थोडा वेळ मुखात धरून ठेवण्यासाठी येत असावा. वाकलेल्या माणसाने आपले नाव दिले, ते ऐकले गेले, आणि जरा अधिक लांब होऊन परत आले. दीर्घ आयुष्याची इच्छा नावाच्या दीर्घ उच्चारातच ऐकू यावी, असा हा प्रकार वाटतो. न पाहता पुटपुटलेल्या आशीर्वादाला या नियमात जागाच नव्हती, कारण नाव ऐकल्याशिवाय उत्तर पुरे होत नसे.

हे उत्तर किती महत्त्वाचे मानले जाई, हे पतंजलीवरून कळते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील त्याच्या महाभाष्याच्या आरंभी, व्याकरण शिकावे कशासाठी, याची कारणे दिली आहेत. त्यांतील एक कारण नेमके हेच. ज्याला नमस्काराच्या उत्तरातील प्लुत येत नाही, त्याच्यापुढे प्रवासाहून परतलेल्या माणसाने रीतसर नाव घेऊन अभिवादन करू नये. स्त्रियांना करतात तसे नुसते ‘हा मी आलो’ म्हणावे. तशी वेळ येऊ नये म्हणून वडिलांनी व्याकरण शिकावे. मनुस्मृतीही बजावते, की ज्याला प्रत्यभिवादन ठाऊक नाही तो विद्वानाने अभिवादन करण्याच्या योग्यतेचा नाही. पाया पडून घेण्याचा अधिकार वयाने आपोआप मिळत नव्हता. उत्तर देता आले तरच तो टिके.

मात्र याच नियमांत दुसरी बाजूही उघडी पडते. पाणिनीच्या सूत्रातच शूद्राला वगळले आहे. त्याच्या नावाचा स्वर लांबवायचा नाही. स्त्रियांनाही रीतसर अभिवादनाच्या बाहेर ठेवले आहे. आपस्तंबाने हात कोणी किती उंचीवर पुढे करायचे हेही वर्णानुसार ठरवून दिले आहे: ब्राह्मणाने कानापाशी, क्षत्रियाने छातीपाशी, वैश्याने कमरेपाशी, आणि शूद्राने त्याहून खाली, हात जोडून. दहा वर्षांच्या ब्राह्मणाला शंभर वर्षांच्या क्षत्रियाने पित्यासमान मानावे, हेही मनुस्मृतीतच आहे. म्हणजे वयाला मान देणारा हा रिवाज वर्ण आडवा आला की वय विसरत असे. नमस्कार सर्वांकडून घेतला जाई, त्याचे पूर्ण उत्तर सर्वांना मिळत नसे. ही गोष्ट पुढच्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते.

उत्तर हे देणे आहे, आणि ते देताना वडिलांचीच कसोटी लागते, याचे सर्वांत मोठे चित्र महाभारताच्या भीष्मपर्वात आहे. कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी आहेत. गीता सांगून झाली आहे. इतक्यात युधिष्ठिर अंगावरचे कवच उतरवतो, शस्त्रे ठेवतो आणि रथातून उतरून हात जोडून, एक शब्दही न बोलता, पायी शत्रुसैन्याकडे चालू लागतो. भाऊ घाबरून मागे धावतात. कौरवांचे सैनिक कुजबुजतात, की भ्यालेला दिसतो, शरण येतो आहे. कृष्णाला मात्र कळते. वडिलांची अनुज्ञा घेऊन जो लढतो त्याचाच जय होतो, असे तो भावांना सांगतो.

युधिष्ठिर भीष्मांपाशी जातो, दोन्ही हातांनी त्यांचे पाय धरतो आणि युद्धाची परवानगी व आशीर्वाद मागतो. भीष्म म्हणतात, तू असा आला नसतास तर तुझा पराभव व्हावा असा शाप मी दिला असता. आता मी प्रसन्न आहे, तुला जय मिळो. आणि पुढे ते कबुली देतात, की माणूस अर्थाचा दास असतो. कौरवांच्या अन्नाने आपण बांधले गेलो आहोत, म्हणून तुझ्या बाजूने लढणे सोडून दुसरे काहीही माग. युधिष्ठिर विचारतो, तुम्हांला जिंकायचे कसे? भीष्म उत्तर पुढे ढकलतात, पुन्हा ये म्हणतात. द्रोणांपाशी हेच घडते, आणि ते तर आपल्या मृत्यूचा मार्गही सांगून टाकतात: विश्वासू माणसाच्या तोंडून अत्यंत अप्रिय वार्ता ऐकली की आपण शस्त्र खाली ठेवतो. कृपांना तोच प्रश्न विचारताना युधिष्ठिराची शुद्ध हरपते, त्याला वाक्य पुरे करता येत नाही. कृप ते न विचारताच ओळखतात, आपण अवध्य असल्याचे सांगतात, आणि रोज सकाळी उठून तुझ्या जयाची इच्छा करीन असे वचन देतात. शल्य कर्णाचे तेज कमी करण्याचे कबूल करतो.

या प्रसंगाकडे युधिष्ठिराच्या विनयाची कथा म्हणून पाहिले जाते. तो विनय खरा, पण त्यात धोरणही आहे हे नाकारता येत नाही. त्याहून लक्षात राहतात ती वाकलेल्या माणसासमोर बसलेली चार वडील माणसे. पायांवर हात पडताच त्यांना उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर त्यांच्या हातातील शस्त्रांच्या विरुद्ध जाते. त्यांचे शब्द एका बाजूला आणि बाण दुसऱ्या बाजूला, अशा अवस्थेत ते पुढचे अठरा दिवस लढतात किंवा पडतात.

याच महाकाव्यात उलट उदाहरणही आहे. युद्ध चालू असता दुर्योधन रोज गांधारीकडे जाऊन जयाचा आशीर्वाद मागत असे. स्त्रीपर्वात व्यास तिला याची आठवण करून देतात. मुलगा वाके, आणि आई दर वेळी एवढेच म्हणे, की धर्म असेल त्या बाजूला जय होवो. तिने उत्तर नाकारले नाही, आणि मागितलेले उत्तर दिलेही नाही. आशीर्वाद मागणाऱ्याच्या इच्छेची प्रत नसतो, हे गांधारीच्या तोंडून जितके कठोरपणे आले आहे तितके अन्यत्र क्वचितच आढळेल.

महाकाव्यातून संतचरित्रांकडे वळले, तर आशीर्वादाने महाराष्ट्राच्या इतिहासाला कसे वळण दिले याची एक कथा मराठी माणसाला घरचीच आहे. तिच्या तपशिलांत पाठभेद आहेत, गुरूचे नावही निरनिराळे सांगितले जाते. पण तिचा गाभा सारखा आहे. आळंदीचे विठ्ठलपंत पत्नी रुक्मिणीला मागे ठेवून काशीला गेले आणि तेथे संन्यास घेऊन राहिले. गुरूला त्यांनी आपण विवाहित असल्याचे सांगितले नाही. रुक्मिणी आळंदीला पिंपळाला प्रदक्षिणा घालत दिवस काढू लागली. पुढे तेच गुरू रामेश्वराच्या यात्रेस निघाले असता वाटेत आळंदीस उतरले. एक सुवासिनी येऊन पाया पडली. स्वामींनी सवयीने ‘पुत्रवती भव’ म्हटले. ती हसली. कारण विचारता तिने सांगितले, की पतीने काशीत संन्यास घेतला आहे. बोलता बोलता स्वामींना कळून चुकले, की तो संन्यासी आपलाच शिष्य आहे.

या ठिकाणी थोडे थांबून त्या आशीर्वादाची घडण पाहिली पाहिजे. स्वामींनी रुक्मिणीचे नाव विचारले नाही. कपाळीचे कुंकू आणि गळ्यातले मंगळसूत्र पाहून त्यांनी उत्तर निवडले. घरोघरी वडील माणसे असेच करीत आली आहेत. मुलगा असेल तर ‘आयुष्मान भव’ किंवा ‘औक्षवंत हो’, विद्यार्थी असेल तर ‘यशस्वी हो’, सुवासिनी असेल तर ‘अखंड सौभाग्यवती भव’ किंवा ‘पुत्रवती भव’, नवे जोडपे जोडीने वाकले तर ‘सुखाने नांदा’. एका दृष्टिक्षेपात माणूस कोणत्या गटातला हे ओळखायचे आणि ठरलेला शब्द द्यायचा. आळंदीला ही सवय फसली. बाह्य खुणा एक सांगत होत्या, आयुष्य दुसरे. जुन्या नियमातील नाव विचारण्याची पायरी गळून पडली की काय होते, ते येथे दिसते.

पण कथेचे मर्म त्यापुढे आहे. स्वामींना ‘मला माहीत नव्हते’ म्हणून मोकळे होता आले असते. ते तसे करीत नाहीत. यात्रा अर्धी टाकून काशीस परततात, शिष्याला जाब विचारतात आणि संन्यास सोडून घरी जाण्याची आज्ञा देतात. एकदा उच्चारलेला आशीर्वाद खरा करण्याची जबाबदारी उच्चारणाऱ्यावर येते, अशी श्रद्धा या कथेमागे आहे. विठ्ठलपंत आळंदीला परतले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही त्यांची अपत्ये. संन्याशाची मुले म्हणून समाजाने त्यांना वाळीत टाकले, आई-वडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले असे परंपरा सांगते, आणि १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ‘पुत्रवती भव’ हा शब्द खरा झाला, पण त्याची किंमत ज्या स्त्रीला तो दिला होता तिने आणि तिच्या मुलांनी मोजली. नेवाशाला ज्ञानेश्वरी लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांविषयीही अशीच कथा आहे. पतीच्या प्रेताबरोबर सती निघालेली त्यांची पत्नी ज्ञानदेवांच्या पाया पडली, त्यांच्या मुखातून सौभाग्याचा आशीर्वाद निघून गेला, आणि तो खरा करण्यासाठी सच्चिदानंदांना उठावे लागले. चमत्कारावर विश्वास ठेवो वा न ठेवो, या कथा रचणाऱ्या समाजाला एक गोष्ट खुपत होती हे स्पष्ट आहे. सुवासिनीसाठी ठरलेल्या आशीर्वादांचा कोश भरलेला होता. विधवा पाया पडली तर वडिलांपाशी तितका सहज शब्द नव्हता.

ज्यांना उत्तरच नाकारले गेले त्यांचा इतिहास मराठी प्रदेशात ठसठशीत आहे. जुन्या व्यवहारात कोणी कोणाला कसे अभिवादन करायचे हे जातीवर ठरे. ब्राह्मणांत नमस्कार, मराठ्यांत दंडवत व रामराम, महारांनी गावच्या वतनदाराला घालायचा तो जोहार. कोणता शब्द तोंडी येतो यावरून माणसाची जागा कळे. पेशवाईच्या काळात मुंबईतील सोनार मंडळी ‘नमस्कार’ म्हणू लागली, तेव्हा तो वादाचा विषय झाला. पुणे दरबाराकडून तक्रार गेली आणि १७७९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने सोनारांना हा शब्द अभिवादनासाठी वापरण्यास मनाई केली. परकीय व्यापारी कंपनीने एका भारतीय जातीला ‘नमस्कार’ म्हणू नका असा हुकूम काढावा, हा प्रसंग आज विचित्र वाटतो. त्यातला डाव मात्र सरळ होता. बरोबरीचा नमस्कार स्वीकारला, की बरोबरीचे उत्तर द्यावे लागते. ते द्यायचे नसेल तर नमस्कारच बंद करावा लागतो.

वारकऱ्यांनी या कोंडीतून वेगळी वाट काढली. वारीत किंवा कीर्तनाच्या आधी दोन वारकरी भेटले की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, विद्वत्ता यांचा हिशेब न करता, कोण आधी वाकला हे न पाहता. समोरचा ‘माउली’ असतो, म्हणून वाकलेल्याला उत्तर म्हणून आशीर्वाद मिळत नाही, तर नमस्कारच परत मिळतो. शास्त्राच्या दृष्टीने हा गोंधळच, कारण यात मोठा कोण ते ठरतच नाही. पंढरपूरच्या मंदिराची पहिली पायरी नामदेवांच्या नावाने ओळखली जाते. संतांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यांनी तेथे समाधी घेतली अशी श्रद्धा आहे, आणि आज भाविक त्या पायरीवर पाय न ठेवता डोके ठेवतात. त्याच महाद्वारासमोर चोखामेळ्यांची समाधी आहे. ती दाराबाहेर असण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. विठ्ठलाच्या पायांवर प्रत्यक्ष डोके ठेवता येते, हे पंढरपूरचे वैशिष्ट्य. पण चोखोबांच्या जातिबांधवांना त्या पायांपर्यंत पोहोचता येत नव्हते. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये केलेल्या उपोषणानंतर तो मार्ग मोकळा झाला. दरम्यान जोहार टाकून ‘जय भीम’ म्हणणारी पिढी उभी राहिली होती. या अभिवादनात दोन्ही बाजूंनी एकच शब्द उच्चारला जातो, ही गोष्ट योगायोगाची म्हणता येणार नाही.

माणसे दूर गेली की पाय हाताशी राहत नाहीत. तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, काशी अशा ठिकाणी मराठी कुटुंबे पसरली आणि नमस्कार कागदावर आला. मराठी पत्राचा मायना म्हणजे कागदावर केलेला तोच विधी होय. आई-वडिलांना ‘तीर्थरूप’, इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, आणि लगेच ‘शि. सा. न. वि. वि.’, म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. उर, शिर, दृष्टी, मन, वाचा, पाय, हात आणि गुडघे या आठ अंगांचा नमस्कार पाच अक्षरांत मावला. शाळेतील पत्रलेखनाच्या तासाला ही अक्षरे क्रमाने पाठ करून घेतली जात, आणि परीक्षेत त्यांना गुण असत. काकांना पत्र लिहिताना ‘तीर्थरूप’ लिहिले तर ते चूक धरले जाई.

उत्तरही तितकेच बांधलेले असे. वडिलांचे पत्र ‘चि.’ने सुरू होई, म्हणजे चिरंजीव, चिरकाळ जगणारा. त्यानंतर ‘अनेक आशीर्वाद’. पत्राच्या शेवटी घरातील प्रत्येकाचा हिशेब असे: वडीलधाऱ्यांस साष्टांग नमस्कार, लहानांस आशीर्वाद. जुन्या शास्त्रात दीर्घायुष्याची इच्छा नावाच्या शेवटी स्वर लांबवून व्यक्त होत असे. मराठी पत्रात ती नावाच्या आधी ‘चि.’ होऊन बसली. आयुष्याची इच्छा आणि नाव यांची सांगड सुटली नाही, फक्त जागा बदलली. लग्नपत्रिकेतील ‘चि.’ वाचताना आज कोणी इतका विचार करत नाही. ज्या कुटुंबांत अशी जुनी पत्रे जपून ठेवली आहेत, त्यांनी ती एकदा केवळ मायन्यांसाठी वाचून पाहावीत. कोणाला तीर्थरूप म्हटले आहे, कोणाला नुसते राजश्री, आणि घरातील कोणाचे नाव आशीर्वादाच्या यादीत आलेलेच नाही, यावरून त्या घराचा जेवढा इतिहास कळतो तेवढा मजकुरातूनही कळत नाही.

मराठी मुलखाबाहेर वाढलेल्या मुलांना आणखी एक गोष्ट लहानपणीच समजते. पाया पडण्याची दिशा सर्वत्र सारखी नाही. शेजारच्या गुजराती घरात ‘पगे लागू’ आणि हिंदीभाषक घरात ‘पाँव लागूँ’ म्हटल्यावर ‘जीते रहो’, ‘खुश रहो’ असे उत्तर येते. इतके ओळखीचे वाटते. पण उत्तरेतील अनेक समाजांत मुलीला वडिलांच्या पाया पडू देत नाहीत, उलट कन्या म्हणून तिचेच पाय शिवतात. सासरी मात्र तीच मुलगी सून म्हणून सर्वांपुढे वाकते. एकाच व्यक्तीचे पाय एका घरात वंद्य आणि दुसऱ्या घरात वाकण्यासाठी उभे, हा फरक लग्नानंतर मराठी घरात आलेल्या मुलींना आणि मराठी घरातून गेलेल्या मुलींना चांगलाच जाणवतो.

छत्तीसगडचा रिवाज तर मराठी माणसाला प्रथम गोंधळात पाडतो. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात रतनपूर घेतले, बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार पाहू लागले, आणि त्यानंतर रायपूर-बिलासपूरच्या बाजूला मराठी घरे वसत गेली. त्या मुलखात मामा भाच्याच्या पाया पडतो. कौसल्या ही दक्षिण कोसलची, म्हणजे छत्तीसगडची लेक. म्हणून राम साऱ्या छत्तीसगडचा भाचा, आणि प्रत्येक भाचा रामासारखा वंद्य. पन्नाशीचा मामा दारात उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या भाच्यापुढे वाकतो आणि त्याचे पाय शिवून हात कपाळाला लावतो. मराठी घरात याच मुलाला ‘मामाला नमस्कार कर’ असे सांगून पुढे ढकलले जाते. भाच्याने उत्तरादाखल काय म्हणावे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. तो बहुधा आईच्या पदराआड जातो, आणि मामा हसत त्याच्या हातावर नोट ठेवतो.